साबणाच्या कागदावर काय लिहावं?

साबण कसा करायचा हे आज आम्ही सांगणार नाही. ते तुमच्यातल्या कित्येकजणींना आमच्यापेक्षा चांगलं येतं. आज बोलायचंय ते साबणाच्या कागदाबद्दल. वडीभोवती जो कागद गुंडाळतो, त्यावर चार ओळी लिहितो ना, त्या चार ओळींबद्दल. त्या ओळींनी आम्हाला एकदा चांगलंच खाली बघायला लावलं. तिथूनच सुरुवात करतो.

आमचा बचत गट बारा जणींचा. निंबोळीचं तेल घालून आम्ही अंगाचा साबण करतो. पहिला कागद छापला तेव्हा त्यावर असं होतं: "शंभर टक्के नैसर्गिक, केमिकलरहित. आयुर्वेदिक गुणांनी युक्त. जंतुनाशक. खाज, मुरुम, गजकर्ण यांवर गुणकारी. त्वचेचा रंग उजळतो." हे लिहिताना आमच्या मनात काही खोट नव्हती. दुकानातल्या साबणांवर जे वाचलं होतं, घरात आजीकडून कडुलिंबाबद्दल जे ऐकलं होतं, ते सगळं एकत्र करून लिहिलं. कागद भरलेला दिसला की माल भारी वाटतो, असंही वाटत होतं.

मग एका आठवडी बाजारात एक आजी नातवाला घेऊन आमच्या पालापाशी आल्या. पोराच्या मांडीवर नायटा होता, आपण गजकर्ण म्हणतो तोच. आजी म्हणाल्या, "बाई, तीन आठवडे झाले तुमच्या साबणानं धुतेय. आधी रुपयाएवढा होता, आता तळहाताएवढा झाला. घरात त्याच्या बहिणीलाही उठलाय." आम्ही विचारलं, दवाखान्यात दाखवलं का? तर म्हणाल्या, "कशाला दाखवू? कागदावर लिहिलंय की तुम्ही."

आजींनी आमच्यावर विश्वास ठेवला आणि त्या विश्वासानं पोराचे तीन आठवडे गेले. नायटा ही बुरशी आहे. टॉवेलातून, कपड्यातून ती दुसऱ्याला लागते. तिला मलम लागतं, ते सुद्धा नेमानं काही आठवडे लावावं लागतं. साबण अंगावर मिनिटभर राहतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. त्यानं नायटा बरा होतो असं आम्हाला कुणी दाखवलेलं नव्हतं, आम्ही कधी तपासलेलंही नव्हतं. तरी लिहून टाकलं होतं. त्या दिवशी उरलेल्या वड्यांचे कागद आम्ही पालातच बसून काढले आणि पोराला आरोग्य केंद्रात न्यायला आजींबरोबर गटातली एक बाई पाठवली.

पुढं प्रश्न आला, आता कागदावर लिहायचं काय? काहीजणी म्हणाल्या, नुसतं "साबण" लिहू. पण नुसता "साबण" कोण घेईल? कंपनीची वडी स्वस्त मिळते. आमची घ्यायची तर का घ्यायची, हे सांगावं तर लागणारच. रोगाचं नाव न घेता फायदा सांगायचा, ही कला आम्हाला शिकावी लागली. ती आज तुमच्यापुढं ठेवतो.

आधी एक रेघ नीट समजून घेऊ. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं यांचा आपल्याकडे 1940 सालचा एक कायदा आहे. अंग स्वच्छ करायला, दिसणं चांगलं करायला जी वस्तू अंगाला लावतात, ती सौंदर्यप्रसाधन. अंगाचा साबण त्यातच येतो. आणि रोग बरा करायला, कमी करायला किंवा टाळायला जी वस्तू वापरतात, ते औषध. म्हणजे वडी तीच, पण तिच्याबद्दल तुम्ही काय बोललात यावर ती कुठल्या खान्यात पडते ते ठरतं. "अंगाचा मळ निघतो" म्हटलं की तो साबण. "गजकर्ण बरा होतो" म्हटलं की तुम्ही औषध विकताय. औषधाचं लायसन्स वेगळं, चाचण्या वेगळ्या, आणि त्या आपल्याकडे नाहीत.

ही रेघ लक्षात ठेवायला आम्ही दोन प्रश्न ठरवले. कागदावरचं प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि विचारायचं. पहिला प्रश्न: हे वाक्य आंघोळीबद्दल आहे की आजाराबद्दल? आजाराबद्दल असेल तर खोडायचं, तिथं दुसरा विचार नाही. दुसरा प्रश्न: समोर गिऱ्हाईक उभं राहून "दाखव" म्हणालं, तर दाखवता येईल का? वजनकाट्यावर, बादलीतल्या पाण्यात, वहीतल्या नोंदीत, कशातही दाखवता आलं तर ठेवायचं. नाही आलं तर तेही खोडायचं.

आता आमच्या जुन्या कागदाला हे दोन प्रश्न लावून बघू.

"खाज, मुरुम, गजकर्ण यांवर गुणकारी." हे आजाराबद्दल आहे. गेलं. इथं एक पळवाट सुचते, ती आम्हालाही सुचली होती. "बरा करतो" न म्हणता "आराम देतो" म्हणावं, "मदत करतो" म्हणावं. पण आजींनी ते वाचलं असतं तरी त्या तीन आठवडे थांबल्याच असत्या. रोगाचं नाव आलं की वाचणाऱ्याच्या मनात औषधच येतं. शब्द मऊ केला तरी अर्थ तोच राहतो. म्हणून रोगाचं नावच नको. मुरुम आलेल्या गालाचं आधीचं आणि नंतरचं चित्र नको, पांढरा कोट घातलेला डॉक्टर नको, आणि "चर्मसंजीवनी" असलं नावही नको. चित्र आणि नाव हेही बोलतातच.

"जंतुनाशक." साबणानं हात धुतले की मळाबरोबर जंतूही वाहून जातात, हे खरं आहे आणि ते कुठल्याही साबणानं होतं. पण "जंतुनाशक" म्हणजे जंतू मारणारा. आमची वडी कुठले जंतू मारते, किती मारते, हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळणार नाही. निंबोळीच्या तेलाचे गुण आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते तेल कॉस्टिक सोड्याबरोबर मिसळलं की त्यातलं बहुतेक तेल साबणात बदलतं. तेलाचे गुण साबणात तसेच राहिले असं धरून चालता येत नाही. म्हणून हाही शब्द गेला.

"केमिकलरहित." ही ओळ आम्हाला फार आवडायची आणि तीच उघड खोटी होती. कॉस्टिक सोड्याशिवाय वडी होतच नाही. गटातल्या प्रत्येकीला ते ठाऊक आहे, कारण सोडा पाण्यात टाकताना हातमोजे आणि चष्मा घालतो. तयार साबणात सोडा मोकळा उरत नाही, तो तेलाशी मिळून साबण होतो, ही गोष्ट वेगळी. पण "घातलाच नाही" असं सुचवणं बरोबर नाही. "शंभर टक्के नैसर्गिक" चंही तसंच. एका वेळी आम्ही बाजारातला तयार वासाचा अर्क आणि हिरवा रंग घातला होता. मग शंभर टक्के कुठं राहिलं?

याच्याच जोडीला आणखी एक ओळ हल्ली फार दिसते: "त्वचेचा पीएच राखणारा." ही तर तेल आणि सोड्याच्या साबणावर लिहूच नका. आपली त्वचा किंचित आंबट बाजूची असते आणि असा साबण खारट बाजूचाच असतो. पीएच मोजायच्या कागदाची पट्टी साबणाच्या पाण्यात बुडवली तर साधारण 9 ते 10 दिसतं. तो त्याचा दोष नाही, साबण तसाच असतो. पण गिऱ्हाइकानं पट्टी आणून बुडवली तर आपली ओळ तिथंच पडेल.

"आयुर्वेदिक." हा शब्द आपल्याला घरगुती या अर्थानं वाटतो. कायद्यात तो तसा नाही. आयुर्वेदिक औषध बनवायचं लायसन्स वेगळं असतं. ते ज्याच्याकडे आहे त्यानं हा शब्द वापरावा. आमच्याकडे नाही, म्हणून खोडला. "ऑरगॅनिक" या शब्दालाही प्रमाणपत्राचा कागद लागतो. शेंगदाणा आमच्याच शेतातला आहे म्हणून तेल ऑरगॅनिक होत नाही.

राहिली शेवटची, "रंग उजळतो." ही ओळ आमच्या हळदीच्या साबणावरही होती. ती खोडायला आम्हाला वेळ लागला नाही. दाखवता येत नाही हे एक कारण. दुसरं असं की गटात ज्या पोरींचं लग्न सावळ्या रंगावरून मोडलं, त्यांच्याच हातून ती ओळ चिकटवून घ्यायची आम्हाला लाज वाटली.

एवढं सगळं खोडल्यावर कागद कोरा झाला. आता भरायचा कशानं?

इथं आम्ही उलट बाजूनं सुरुवात केली. आपल्या वडीबद्दल आपल्याला खात्रीनं काय ठाऊक आहे, ते वहीत लिहिलं. एक किलो तेलांचा घाणा धरतो. त्यात 450 ग्रॅम खोबरेल, 350 ग्रॅम शेंगदाणा, 100 ग्रॅम निंबोळीचं तेल, 100 ग्रॅम एरंडेल. सोडा असा तोलतो की किलोतलं साधारण 50 ग्रॅम तेल साबण न होता तसंच राहावं. वड्या कापून पाच आठवडे घडवंचीवर वाळवतो. वासाला गवती चहाचं तेल. रंग नाही. हातानं कापतो, म्हणून कडा थोड्या वेगवेगळ्या असतात.

ही झाली माहिती. पण माहिती म्हणजे फायदा नव्हे. बाजारात उभ्या असलेल्या बाईला पाच आठवड्यांशी काय देणंघेणं? म्हणून प्रत्येक माहितीपुढं आम्ही एक शब्द जोडला: "म्हणजे". आणि तो शब्द जोडून तिच्या न्हाणीघरापर्यंत जायचं.

पाच आठवडे वाळवतो, म्हणजे वडीतलं पाणी निघून जातं, म्हणजे वडी कडक होते, म्हणजे ती ओल्यात लवकर विरघळत नाही, म्हणजे जास्त दिवस पुरते. हा फायदा. थोडं तेल तसंच ठेवतो, म्हणजे अंग धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटू नये अशी त्यात सोय केलेली असते. हाही फायदा, आणि यात आजाराचं नाव नाही. खोबरेल सगळ्यात जास्त आहे, म्हणजे बोअरच्या जड पाण्यातही फेस येतो. आमच्या भागात हा सगळ्यात मोठा फायदा निघाला, आणि पहिल्या कागदावर तो लिहिलेलाच नव्हता. ज्या घरात बोअरचं पाणी आहे तिथल्या बाईला ठाऊक असतं की साबण घासघास घासला तरी फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. खोबरेलाचा साबण अशा पाण्यातही इतर तेलांच्या साबणापेक्षा बरा फेस देतो.

पण "म्हणजे" जोडत गेलं की हात सैल सुटतो, म्हणून दुसरा प्रश्न इथंही विचारायचा. दाखवता येईल का? आम्ही तीन गोष्टी तपासल्या.

पहिली फेसाची. तीन घरचं बोअरचं पाणी आणि एका विहिरीचं पाणी आणलं. प्रत्येक पाण्यात हात ओले करून वडी दहा वेळा फिरवली. बोअरच्या पाण्यात विहिरीच्या पाण्यापेक्षा फेस कमी आला, पण आला. एका बोअरच्या पाण्यावर साय धरल्यासारखा थर आलाच. म्हणून "कुठल्याही पाण्यात भरपूर फेस" असं आम्ही लिहिलं नाही. "बोअरच्या पाण्यातही फेस येतो" एवढंच लिहिलं. आता पालापाशी आम्ही बोअरच्या पाण्याची बादली ठेवतो. बायका स्वतः हात धुऊन बघतात. त्या बादलीनं जेवढा साबण खपला तेवढा जुन्या कागदानं कधी खपला नव्हता.

दुसरी वजनाची. यात आम्ही आधी तोंडघशी पडलो होतो. वडी कापताना 100 ग्रॅम भरायची आणि आम्ही तेच छापायचो. एका किराणा दुकानदारानं समोर काट्यावर ठेवली तर 90 भरली. वाळताना पाणी उडून जातं आणि वजनात साधारण दहावा हिस्सा घट येते, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता आम्ही कापताना 115 ग्रॅमची कापतो. वाळून ती 103 च्या आसपास भरते आणि कागदावर 100 लिहितो. कागद गुंडाळायच्या दिवशी प्रत्येक घाण्यातल्या दहा वड्या तोलतो आणि आकडा वहीत टिपतो.

तिसरी, किती दिवस पुरते. "दीर्घकाळ टिकणारा" असं लिहिणं सोपं, पण दीर्घ म्हणजे किती? आम्ही सहा घरी एकेक वडी दिली. एका वडीवर एकाच माणसानं रोज आंघोळ करायची आणि संपली की तारीख सांगायची. सगळ्यात आधी संपली ती 22 दिवसांनी, सगळ्यात उशिरा 30 दिवसांनी. आधी संपली त्या घरी वडी पाण्यात भिजत पडायची, उशिरा संपली त्या घरी जाळीच्या साबणदाणीत असायची. आता छापायचं काय? कुणीतरी म्हणालं, "30 दिवस लिहू." पण मग 22 दिवसांत संपवणारी बाई आपल्याला खोटारडं म्हणेल. म्हणून आम्ही नियम केला की आकडा नेहमी कमीत कमी निघालेलाच छापायचा. 22 दिवस म्हणजे तीन आठवडे आणि वर एक दिवस. आम्ही "साधारण तीन आठवडे" लिहिलं. जिची वडी महिनाभर पुरते ती आपण होऊन दुसरीला सांगते.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम कमीपणाची लिहिली. निंबोळीच्या तेलाला उग्र वास असतो आणि गवती चहा घातला तरी तो थोडा राहतो. आधी आम्ही "मनमोहक सुगंध" लिहायचो. घरी नेऊन नाक मुरडणाऱ्या बायका परत येत नव्हत्या. आता वासाचं खरं लिहिलंय. ज्यांना तो वास आवडतो त्याच घेतात, आणि त्या परत येतात.

तर हे सगळं एकत्र करून आमचा नवा कागद असा झाला:

"निंबोळीच्या तेलाचा अंगाचा साबण. खोबरेल, शेंगदाणा, निंबोळी आणि एरंडेल या चार तेलांपासून आमच्या गटातल्या बायकांनी हाताने बनवलेला. तेलांमध्ये दहावा हिस्सा निंबोळीच्या तेलाचा. मळ, घाम आणि तेलकटपणा धुऊन काढतो. खोबरेल जास्त असल्याने बोअरच्या पाण्यातही फेस येतो. थोडे तेल साबणात मुद्दाम राखले आहे, आंघोळीनंतर अंग ओढल्यासारखे वाटू नये म्हणून. पाच आठवडे वाळवलेली कडक वडी, जाळीच्या साबणदाणीत ठेवल्यास एका माणसाला साधारण तीन आठवडे पुरते. गवती चहाचा वास, त्यामागे निंबोळीचा थोडा उग्र वास. रंग घातलेला नाही. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. आग किंवा खाज झाली तर वापरू नका. हे औषध नाही, त्वचेचा आजार असल्यास डॉक्टरांना दाखवा."

आता हा कागद दोन प्रश्नांवर पुन्हा तपासून बघा. आजाराचं नाव घेऊन आम्ही फक्त एकच वाक्य लिहिलंय, ते डॉक्टरकडे पाठवणारं. बाकी प्रत्येक ओळीमागं काटा आहे, बादली आहे, नाहीतर वही आहे. "अंग ओढल्यासारखे वाटू नये म्हणून" इथं आम्ही "वाटणार नाही" असं लिहिलं नाही, तेही बघा. कुणाची कातडी मुळातच कोरडी असते, थंडीत सगळ्यांचीच असते. आम्ही काय केलं ते आम्ही सांगू शकतो, प्रत्येकीला काय वाटेल ते सांगू शकत नाही. आणि निंबोळी दहावा हिस्साच आहे, हेही लपवलं नाही. नावात निंबोळी आहे, तर ती किती आहे हे घेणारीला कळायला हवं.

कागदाच्या मागच्या बाजूला जे लिहायचं ते सोडून देऊ नका. वस्तूचं नाव, बनवणाऱ्याचं नाव नि पत्ता, निव्वळ वजन, किंमत, घाणा क्रमांक, बनवल्याची आणि कधीपर्यंत वापरायचा त्याची तारीख, लायसन्स क्रमांक आणि घातलेल्या सगळ्या वस्तूंची यादी. अंगाचा साबण विक्रीसाठी बनवायचा तर अन्न व औषध प्रशासनाचं लायसन्स लागतं, तेव्हा कागद छापायच्या आधी जिल्ह्याच्या त्यांच्या कचेरीत जाऊन या. घटकांची यादी वजनानं जास्त ते आधी अशी लिहायची. आमच्या यादीत पहिलं खोबरेल, मग शेंगदाणा, मग पाणी, मग कॉस्टिक सोडा, आणि मग निंबोळी नि एरंडेल. सोडा लिहायला आधी भीती वाटली. पण यादीत सोडा आणि पुढं "केमिकलरहित" असं ज्या कागदावर दिसतं, तिथं वाचणारी बाई बाकीच्या ओळींवरही विश्वास ठेवत नाही. आता कुणी विचारलं तर आम्ही सरळ सांगतो की सोड्याशिवाय साबण होत नाही आणि तो तोलून घातला, वाळवला की मोकळा उरत नाही.

आता शेवटची आणि सगळ्यात अवघड गोष्ट. कागद सुधारला, पण तोंडाचं काय? बाजारात बाई विचारतेच, "यानं खाज जाईल का गं?" आणि समोरची वडी खपवायची असते. 1954 सालचा औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा एक कायदा आहे. त्यात जाहिरात म्हणजे नुसती छापील नव्हे. लेबल, वेष्टन आणि तोंडानं केलेली घोषणाही त्यात धरलेली आहे. त्या कायद्याच्या यादीतल्या आजारांवर उपाय असल्याची जाहिरातच करता येत नाही, आणि त्या यादीत कोडसुद्धा आहे. म्हणजे "कोडावर चालतो बघा" असं पालात ओरडून सांगणं हे कागदावर छापण्यासारखंच आहे.

आम्ही गटात याचा सराव केला. एकीनं गिऱ्हाईक व्हायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं. आमचं ठरलेलं उत्तर असं: "ताई, खाजेचं आम्हाला सांगता येणार नाही, ते डॉक्टरांनाच दाखवा. हा रोजच्या आंघोळीचा साबण आहे. या बादलीत हात धुऊन बघा, आवडला तर न्या." सुरुवातीला एक-दोन वड्या कमी खपल्या. पण हात धुऊन बघितलेली बाई सहसा रिकाम्या हातानं जात नाही.

आणि कुणी गिऱ्हाईक आपण होऊन सांगतं, "तुमच्या साबणानं माझ्या पोरीचे मुरुम गेले." अशा वेळी फार आनंद होतो, आणि लगेच वाटतं, हे तिच्या नावानं छापावं. छापू नका. आपल्या कागदावर आलं की ते आपलंच म्हणणं होतं. मुरुम वयानं गेले, खाण्यात बदल झाला म्हणून गेले की कशानं, ते तिलाही ठाऊक नसतं. तिचे आभार माना आणि विचारा, "वापरताना कसा वाटला?" ती सांगेल, फेस चांगला आहे, वडी पुरते, सासूलाही आवडला. तेवढं तिच्या परवानगीनं जरूर छापा. ते तिला स्वतःला ठाऊक आहे आणि दुसरी कुणीही तपासून बघू शकते.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला सध्याचा कागद घेऊन बसा. एकीनं एकेक वाक्य वाचावं, बाकीच्यांनी दोन प्रश्न विचारावेत. जे खोडाल त्याच्या जागी काय लिहायचं ते तुमच्या वहीत, काट्यावर आणि बादलीत सापडेल. त्या नातवाचा नायटा मलमानं बरा झाला. आजी अजून आमच्याकडूनच साबण घेतात, पण आता त्या आधी नातीकडून कागद वाचून घेतात. आमचं त्याला काहीच म्हणणं नाही.